बायकोची वाडी आणि माझा स्पेसबार

लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात बायकोच्या माहेरच्या वाडीत मी एकदाही कुदळ मारली नाही. ती वाडी उद्ध्वस्त करायला मात्र मला एक बोट पुरलं. तेही दाबून धरलेलं.

वाडी फोनमधली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोकांना वाटायचं की मी बिल्डर आहे.

मी डीटीपी करतो. गोखिवऱ्याला एका गाळ्यातल्या छापखान्यात दिवसभर लग्नपत्रिका, चर्चच्या प्रार्थनापुस्तिका, शाळांची प्रगतिपुस्तकं आणि कोणा ना कोणा इच्छुकाचे शुभेच्छा-फलक जुळवत बसतो. उरलेली कामं घरच्या कॉम्प्युटरवर. आमच्या धंद्यात माऊस जितका कमी तितका कारागीर मोठा. सगळं बोटांवर चालतं. मी पान लावायला बसलो की बोटांना डोक्याची गरज पडत नाही, असं मी अभिमानाने सांगायचो. आता सांगत नाही.

बायकोकडे एक जुना फोन होता आणि त्यात शेतीचा एक खेळ. पेरा, कापा, अंडी गोळा करा, शेजारणीला लिंबं पाठवा, असला. सहा वर्षं ती तो रोज खेळत होती. मी त्याला टाइमपास म्हणायचो. पण तिच्या शेताची मांडणी बाकीच्यांसारखी नव्हती. तिच्या वडिलांची वाडी जशी होती तशीच तिने ती लावली होती. वरच्या अंगाला केळी, कडेने नारळ, मधून पायवाट, खालच्या कोपऱ्यात बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. खऱ्या बावखलावर आज एका इमारतीचं पार्किंग आहे. या बावखलात तिने दोन बदकं सोडली होती.

तर त्या फोनच्या काचेला उजव्या बाजूने लकवा झाला. दोन बोटं रुंदीची उभी पट्टी स्पर्श घेईना. नेमकी केळी त्या पट्टीत. सरकवून मध्ये आणायची, कापायची, परत सरकवायची. त्यात चाळिशीचा चष्मा. रोज संध्याकाळी आमच्या घरात केळी कापण्यावरून जे शब्द निघायचे ते सोसायटीच्या वॉचमनलाही पाठ झाले होते.

"नवीन फोन नाताळात घेऊ," मी म्हणालो. "तोपर्यंत तुझं शेत कॉम्प्युटरवर आणतो. इम्युलेटर टाकतो."

"ते काय असतं?"

"कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा फोन. खेळाला वाटतं, आपण फोनवरच आहोत."

"आणि माझं शेत त्यात आपोआप येतं?"

"तू फक्त बघ," मी म्हणालो. आमच्या घरात हे तीन शब्द उच्चारले की काहीतरी फुटतं, हा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

(घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे सगळं छापील मराठीत देतोय, कारण पुढे बायकोने बोलीत जे म्हटलं ते जसंच्या तसं देण्याइतका मी धीट नाही.)

इम्युलेटर टाकायला शनिवारची अख्खी सकाळ गेली. आधी तो सुरूच होईना. खोट्या फोनला लागणारं व्हर्च्युअलायझेशन बंद आहे, म्हणाला. मग कॉम्प्युटर सुरू होतानाच बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, शिरून ते चालू केलं. मग खोट्या फोनला चार जीबी मेमरी काढून दिली, तेव्हा माझ्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरने मान टाकली आणि पंखा असा घोंगावू लागला की बायकोने विचारलं, "गिरण चालू केलीस का?" मग प्ले स्टोअरला गूगल खातं हवं. मी बायकोचंच घातलं. तिच्या फोनवर तीन आकडे आले, त्यातला बरोबर आकडा दाबा म्हणे. बरोबर आकडा उजव्या पट्टीत! तीन वेळा पाठवून घेतला, तेव्हा कुठे तो मधे आला.

खेळ उघडला. आणि तिचं शेत नव्हतं. एक रिकामी जमीन, एक कोंबडी आणि "नवीन शेतकऱ्याचं स्वागत".

हे असं का, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. बायको सहा वर्षं पाहुणी म्हणून खेळत होती, म्हणजे शेत कुठल्याच खात्याला जोडलेलं नव्हतं. ते फक्त त्या फोनला ओळखत होतं. खोटा फोन त्याच्या दृष्टीने परका. शहाण्या माणसाने आधी जुन्या फोनवर बसून शेत खात्याला जोडलं असतं आणि मगच कॉम्प्युटरला हात लावला असता. मी म्हटलं, आलोच आहोत तर या रिकाम्या जमिनीवर जरा हात बसवून घेऊ.

आणि मग मला की-मॅपिंग सापडलं.

की-मॅपिंग म्हणजे स्क्रीनवरच्या एखाद्या जागेवर कीबोर्डचं एखादं अक्षर नेऊन चिकटवायचं. ते अक्षर दाबलं की त्या जागी बोट टेकल्यासारखं होतं. माझ्यासारख्याला हे म्हणजे पाणभाताबरोबर सुकट. 'ए'वर कोंबड्या लावल्या, 'एस'वर गायी, 'के'वर दुकान, कंट्रोल धरून माऊसचं चाक फिरवलं की जमीन लहानमोठी. आणि स्पेसबारवर लावला पुनःपुन्हा टेकणारा टॅप. म्हणजे दाबून धरला की तेवढ्या जागी सेकंदाला दहा वेळा बोट आपटत राहतं. ती जागा खाली उजवीकडची, जिथे 'गोळा करा'चं बटण येतं. एकदा धरलं की अंडी, दूध, लोकर, सगळं धडाधड कोठारात! मी एका दुपारीत नवव्या लेव्हलला पोचलो. बायकोला बोलावून दाखवलं.

"माऊसला हातही लावलेला नाही, बघ."

"माझं शेत कुठाय?"

"येणार, येणार. आधी सोय."

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात राहायला हवी होती. स्पेसबारला कोंबडी कळत नाही आणि अंडंही कळत नाही. त्याला फक्त जागा माहीत असते. त्या जागी उद्या दुसरं काही आलं तर तो त्यावरही दहा वेळा आपटणार.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आलो, जेवलो आणि कामाला बसलो. शेत हलवायची रीत सोपी होती. जुन्या फोनवर 'हे जुनं यंत्र' निवडायचं, तो एक कोड देतो, तो दहा मिनिटांत नव्या यंत्रावर टाकायचा. 'कोड द्या' हे बटण अर्थातच मेलेल्या पट्टीत. बायकोने फोन उलटा धरला, खेळ गर्रकन फिरला, पट्टी डावीकडे गेली आणि बटण जिवंत झालं. ही युक्ती तिची. त्या दिवशीचं अक्कल वापरून केलेलं ते एकमेव काम.

"सांग कोड."

तिने अक्षरं वाचली. तिसरं अक्षर 'के'. मी 'के' दाबला की कोडची खिडकी बंद. परत उघडली, परत 'के', परत बंद.

"सहा मिनिटं राहिली," बायको म्हणाली.

मग डोक्यात आलं. 'के'वर मी दुकान चिकटवलं होतं. खिडकी उघडी असताना तिच्या बाहेर बोट टेकलं की खिडकी मिटते. साध्या लिहिण्याच्या चौकटीत इम्युलेटर समजून घेतो की माणूस टाइप करतोय. ही चौकट खेळाने स्वतःच रंगवलेली, तिथे त्याला काय कळणार! कडेला एक बटण असतं, त्याने सगळं मॅपिंग एकदम बंद होतं. मला ते माहीत होतं. तरी मी फक्त 'के' उडवला. ज्या उंदराने पाव कुरतडला तेवढाच मारायचा, बाकीचे बिळात राहू द्यायचे, अशी ही हुशारी.

"अडीच मिनिटं," बायको म्हणाली. "तुझं पान लावून झालं का?"

कोड गेला. खेळाने दोन शेतं शेजारीशेजारी दाखवली. डावीकडे तिचं, लेव्हल एकोणसत्तर. उजवीकडे माझं, लेव्हल नऊ. वर लिहिलेलं, कोणतं शेत ठेवायचं ते निवडा. खाली आणखी काही ओळी होत्या, पण इम्युलेटरची खिडकी स्क्रीनच्या तळाखाली घसरली होती, कारण वरच्या अर्ध्या भागात मी एका बारशाची पत्रिका उघडी ठेवली होती. शेवटच्या ओळी आणि बटणं दिसतच नव्हती.

मी म्हटलं, थांब, काय लिहिलंय ते नीट वाचतो. आयुष्यात प्रथमच मी काहीतरी नीट वाचायला निघालो होतो.

आता आमच्या धंद्यातली एक सवय सांगतो. पान लावताना ते स्क्रीनच्या बाहेर गेलं की स्पेसबार दाबून धरायचा. माऊसच्या जागी हाताचा पंजा येतो आणि पान धरून वर ओढता येतं. दिवसातून पाचशे वेळा आम्ही हे करतो. झोपेतही करतो, असं बायको म्हणते.

पान खाली गेलंय, असं बोटांना वाटलं. त्यांनी स्पेसबार धरला.

पंजा आला नाही. खालून, न दिसणाऱ्या भागातून, 'टक टक टक टक' असा आवाज आला. पहिल्या टकीला उजवीकडचं शेत निवडलं गेलं. दुसऱ्या टकीला "तुमची खात्री आहे का?" ही खिडकी आली आणि तिचं "हो" नेमकं त्याच जागी होतं. जे बटण मी डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही ते मी खात्रीपूर्वक दाबलं. पुढच्या आठ टकींनी माझ्या कोंबड्यांची अंडी गोळा केली.

"अरे," बायको म्हणाली. तिच्या हातातला फोन अजून उलटाच होता. "अरे, हे काय? ही कोणाची कोंबडी?"

तिच्या फोनवरही माझं नऊ लेव्हलचं शेत आलं होतं.

इथे प्रामाणिक माणसाने काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "लोड होतंय. सर्व्हरला वेळ लागतो. आज रविवार ना."

"सर्व्हरला रविवार असतो?"

"तिकडच्यांना असतो."

ती पोरांच्या कपड्यांना इस्त्री करायला गेली आणि मी खेळाच्या मदतकेंद्राला गुपचूप अर्ज लिहायला बसलो. तिथल्या माहितीत ती न दिसलेली ओळ अखेर वाचायला मिळाली. न निवडलेलं शेत दोन्ही यंत्रांवरून सुटेल, ते परत हवं असल्यास खेळाडू क्रमांक आधी लिहून ठेवा, अशी ती ओळ होती. आधी!

म्हणजे शेत पुसलं गेलं नव्हतं. कुठेतरी होतं, फक्त कुलूप लागलेलं आणि किल्ली नाही. अर्जात त्यांनी विचारलं होतं, खेळाडू क्रमांक काय, शेताचं नाव काय, लेव्हल किती, खेळ कोणत्या महिन्यात आणि कोणत्या फोनवर सुरू केला, गटाचं नाव काय. मला लेव्हल तेवढी माहीत होती. बाकीचं बायकोला विचारलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. म्हणून मी अंदाजाने भरलं. शेताचं नाव म्हणून तिचंच नाव टाकलं. महिना डिसेंबर टाकला, नाताळ बघून. फोन आत्ताचाच टाकला. खाली तीन परिच्छेदांची विनंती लिहिली, अशी की छापून फ्रेम करावी.

सोमवारी गाळ्यावर उत्तर आलं. आपली विनंती आम्हाला महत्त्वाची वाटते, आपण दिलेली माहिती नोंदींशी जुळत नाही, सबब या शेताचे मालक आपण आहात असं आम्हाला मानता येत नाही.

बरोबरच होतं. मी मालक नव्हतोच. चोराने पोलिसांत जाऊन घराचा नकाशा चुकीचा काढावा, तसं झालं होतं.

संध्याकाळी घरी आलो. बायको कॉम्प्युटरसमोर बसलेली, स्क्रीनवर माझी कोंबडी.

"सर्व्हरचा रविवार संपला का?" तिने विचारलं.

मी सांगितलं. सगळं. स्पेसबार, पंजा, दहा टकी, अर्ज.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.  ती एवढंच म्हणाली, "बावखल खालच्या अंगाला घे, पाणी आपोआप जातं, हे पप्पांनी पलंगावरून सांगितलेलं. मी फोन त्यांच्यासमोर धरायचे आणि ते बोटाने दाखवायचे. नारळही त्यांनीच लावलेत त्यात. सात."

 मी स्क्रीनकडे बघितलं. कोंबडी दाणे टिपत होती.

तिने फोन उचलला आणि जूचंद्रला राहणाऱ्या बहिणीला लावला. ही माझी मेहुणी, खेळातल्या त्यांच्या गटाची प्रमुख. गटात सगळ्या माहेरच्याच बायका. स्पीकर चालू होता, तो मुद्दाम.

"ताई, तू खेळ सोडलास का गं? मी केळी मागितली, तू दिली नाहीस. म्हटलं, रागावलीस."

"मी नाही सोडला. तुझ्या भावोजींनी सोडवला."

"म्हणजे? त्यांनी काय केलं?"

"स्पेस दाबला."

"कुठला स्पेस?"

"तेच ना."

"भावोजी," मेहुणी मला म्हणाली, "मागच्या वर्षी तुम्ही आमच्या आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साच्या पत्रिकेत तारीख चुकवलीत, आम्ही काही बोललो का? बोललो. पण विसरलो का? नाही विसरलो. आता हेही लक्षात ठेवतो."

पण काम तिनेच केलं. तिच्या यादीत बायकोचं शेत अजून होतं, नुसतं "एका दिवसापूर्वी सक्रिय" अशी पाटी लागलेलं. गटातल्या माणसाच्या शेतावर पाहुणं म्हणून जाता येतं. ती गेली. नावावर बोट ठेवलं, खेळाडू क्रमांक आला, त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवला. सोबत अख्ख्या शेताचाही एक फोटो आला. केळी पिकून उभी होती. बदकं होती.

मी खुर्ची ओढली. "आण, मी लिहितो."

"तू ऊठ," बायको म्हणाली.

ती बसली. माझ्या तीन परिच्छेदांच्या जागी तिने पाच ओळी लिहिल्या, इंग्रजीत, शाळेत अर्ज लिहावा तशा. क्रमांक. शेताचं नाव, जे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. तिच्या वडिलांच्या वाडीचंच होतं. सुरू केल्याचा महिना: जून, वडील पलंगाला खिळले तो. पहिला फोन: वडिलांचा, जो नंतर तिने मोडीत काढला. तिथून आत्ताच्या फोनवर आणतानाही तिने हाच कोड वापरला होता आणि तेव्हा काहीच बिघडलं नव्हतं, कारण मी गाळ्यावर होतो. शेवटची ओळ होती: माझ्या नवऱ्याने चुकून दुसरं शेत निवडलं, आधीचा चुकीचा अर्जही त्याचाच, कृपया त्याच्याकडे दुर्लक्ष करावं.

बुधवारी उत्तर आलं. माहिती जुळते. शेत खात्याला जोडून दिलं आहे. माझं नऊ लेव्हलचं शेत काढून टाकण्यात आलं. माझ्या कोंबड्यांबद्दल कोणी एक शब्द काढला नाही, मीही नाही.

खेळ उघडला आणि मोठ्या स्क्रीनवर ती वाडी पहिल्यांदा नीट दिसली. नारळ मोजले, सातच होते. बायकोने केळी कापली, एकेक घड, माऊसने. मी मागे उभा राहून मनातल्या मनात शॉर्टकट शोधत होतो. माणसाला जात्याच अक्कल नसेल तर नसते.

"स्पेसवर आता काय आहे?" तिने न वळता विचारलं.

"काही नाही. सगळं मॅपिंग काढलं."

"सगळं? की फक्त 'के'?"

"सगळं. देवाशपथ."

"दाबून दाखव."

"अगं, आता त्याची काय..."

"दाब. धरून ठेव."

मी पुढे वाकलो. स्पेसबारवर बोट ठेवलं.  दाबलं, धरलं. ती स्क्रीनकडे बघत होती, मी तिच्याकडे. काहीच झालं नाही. बदकं फिरत राहिली.

"सोड," ती म्हणाली.

नाताळ येऊन गेला. नवीन फोन आला आणि शेत त्याच्यावरही व्यवस्थित उघडतं, कारण आता ते खात्याला जोडलेलं आहे. पण मोठ्या स्क्रीनची चटक लागली ती लागली. आता घरी आणलेली छपाईची कामं मी ती कॉम्प्युटरवरून उठल्यावर करतो. आणि रोज संध्याकाळी ती कॉम्प्युटरसमोर बसली की, निजायच्या आधी गॅसचं बटण तपासावं तशी मला हाक येते.

"ये रे. दाबून दाखव."

मी हात पुसत जातो आणि स्पेसबार दाबून धरतो.